टॉन्सिल काढलेलं मूल घरी आल्यावर पहिले दहा दिवस : तुमच्या घरात, तुमच्या वॉर्डात काय घडलं?

परिचारिका_तिसरं_वर्ष

नमस्कार. मी बेळगावात बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सध्या कान-नाक-घसा वॉर्डात पोस्टिंग आहे आणि टॉन्सिलचं ऑपरेशन झालेल्या मुलाची शुश्रूषा हा माझा असाइनमेंटचा विषय आहे. पुस्तकातलं लिहून झालंय. पण गेल्या आठवड्यात एक गोष्ट घडली, त्यामुळे हा धागा काढतेय.

खानापूर तालुक्यातल्या एका मुलीला डिस्चार्ज होता. कार्ड इंग्रजीत, सोबतचा छापील कागद कन्नडात आणि आईला वाचता येते फक्त मराठी. मी सगळं समजावलं, त्या मान हलवत होत्या. शेवटी सहज विचारलं, "वहिनी, घरी गेल्यावर कधी काळजी करायची?" त्या म्हणाल्या, "आठ दिवसांनी टाके काढायला आणायचं की." या ऑपरेशनात काढायचे टाके नसतातच. म्हणजे माझं सगळं बोलणं वरून गेलं होतं.

म्हणून विचारते. रक्त येतंय हे तुम्हाला कशावरून कळलं? खायला काय चाललं? आणि डिस्चार्जच्या वेळी कुणी काय सांगायला हवं होतं, जे सांगितलं नाही?

जांबोटीकर_आई

मी सांगते. गेल्या पावसाळ्यातलं आहे. मुलगा सहा वर्षांचा, वजन 18 किलो. ऑपरेशन सोमवारी झालं, दुसऱ्या दिवशी घरी आलो. पहिले चार दिवस बरे गेले. मऊ भात, नाचणीची पेज, थंड दूध, थोडा कुंदा. पाचव्या दिवशी कान दुखतोय म्हणून रडायला लागला. सासूबाईंनी कोमट तेल घातलं. घशात बघितलं तर दोन्ही बाजूला पांढरट पिवळं, तोंडाला वास. शेजारच्या म्हणाल्या, पू झालाय. त्या दिवसापासून त्याने खाणं-पिणं जवळजवळ सोडलं आणि आम्हीही फार आग्रह केला नाही, दुखतंय म्हणून.

सातव्या दिवशी संध्याकाळी घोटभर कोकम सरबत प्याला, तेवढंच. रात्री साडेअकराला मला जाग आली. तो झोपेतच सारखा गिळत होता. गटक, थोडं थांबून परत गटक. उशीवर काही नव्हतं. स्वप्न पडलं असेल म्हणून मी थोपटलं. अर्ध्या तासाने उठून उलटी केली, काळपट लाल. मालक म्हणाले, कोकमच पडलंय. मलाही तसंच वाटलं. दुसऱ्या उलटीत गाठी होत्या, तेव्हा निघालो. पाऊस, घाटरस्ता. तोंड कोरडं पडलंय म्हणाला म्हणून गाडीत मी पाणी पाजलं. दवाखान्यात पोचेपर्यंत अडीच वाजले होते.

पुन्हा थिएटरमध्ये नेलं, गाठ काढून जागा जाळून बंद केली. हिमोग्लोबिन साडेअकरावरून सव्वानऊवर आलं होतं, रक्त चढवावं लागलं नाही. आज मुलगा ठणठणीत आहे. पण ते कोकम माझ्या डोक्यातून जात नाही.

रात्रपाळी_सिस्टर

ताई, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. मी बावीस वर्षं याच कामात आहे. तुमच्याच केसवर बोलते, म्हणजे या मुलीला असाइनमेंटमध्ये लिहिता येईल.

पहिली गोष्ट, तो पांढरा थर पू नव्हता. टॉन्सिल काढलेल्या उघड्या जागेवर तो थर येतोच, वासही येतो. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी तो सुटायला लागतो आणि खालची रक्तवाहिनी उघडी पडली तर रक्त येतं. म्हणून पहिल्या चोवीस तासांत काही झालं नाही एवढ्यावर निर्धास्त व्हायचं नाही. कानदुखीही कानाची नव्हती. घशाच्या त्या भागाची आणि कानाची नस एकच, म्हणून घशातलं दुखणं कानात जाणवतं. तिथे तेल घालून उपयोग नाही, दुखण्याचं औषध वेळेवर द्यायचं आणि पाणी पाजायचं.

दुसरी गोष्ट, झोपलेलं मूल रक्त थुंकत नाही, गिळतं. उशी कोरडी राहते आणि पोट रक्ताने भरतं. झोपेत वारंवार गिळणं हीच पहिली खूण. वॉर्डात पहिल्या तासात आम्ही दर पंधरा मिनिटांनी नाडी मोजतो, टॉर्चने घसा बघतो आणि शेजारी उभं राहून गळ्याची हालचाल बघतो. नाडी वाढत चालली, मूल अस्वस्थ झालं, ओठ पांढरे पडले तर रक्तदाब ठीक आहे म्हणून थांबायचं नाही. मुलांचा रक्तदाब बराच वेळ टिकतो आणि मग एकदम पडतो.

आता हिशोब बघा. लहान मुलाच्या अंगात किलोमागे साधारण 75 मिली रक्त असतं. 18 किलो म्हणजे 1350 मिली. चहाचा एक कप, 150 मिली, गेला तरी नववा हिस्सा गेला. आपल्याला कपभर काहीच वाटत नाही, त्या पोराला ते फार आहे.

आणि पाणी पाजलंत, त्यात तुमची चूक नाही, कुणी सांगितलंच नसणार. पण रक्त आल्यावर निघताना तोंडाने काही द्यायचं नाही. पुन्हा भूल द्यावी लागते आणि पोट भरलेलं असलं की भूल देताना धोका वाढतो. बसवायचं, पुढे झुकवायचं, रक्त वाटीत थुंकायला लावायचं आणि ती वाटी सोबत आणायची. मूल सुस्त असेल तर कुशीवर, तोंड खाली करून. घशात बोट, कापूस काही घालायचं नाही. रक्त आपोआप थांबलं तरी यायचंच. थोडं येऊन थांबतं आणि काही तासांनी जोरात येतं, असं मी पाहिलंय.

निपाणीचे_काका

आमच्या वेळी डॉक्टरांनी एकच सांगितलं, भरपूर आईस्क्रीम द्या. थंडीने रक्त गोठतं. चोवीस तास निघाले की धोका संपला. आमच्या पोरीला आठवडाभर आईस्क्रीमच दिलं, काही झालं नाही. हळद-दूधही चांगलं.

रात्रपाळी_सिस्टर

काका, थंड दिल्याने मुलाला बरं वाटतं आणि घोट जातो, हे खरं. पण थंडीने रक्त गोठत नाही, आणि नुसत्या आईस्क्रीमवर आठवडा नको. मुलाने मऊ का होईना चावून, गिळून खायला हवं. गिळण्याने घसा हलता राहतो, आखडत नाही. चोवीस तासांचं मात्र बरोबर नाही, वरची केस सातव्या दिवसाची आहे.

शहापूरचा_राहुल

माझं वय 34. वर्षातून चार वेळा टॉन्सिल सुजतात, ताप येतो. काढून टाकू का? जांबोटीकर ताईंचं वाचून भीती वाटायला लागली.

परिचारिका_तिसरं_वर्ष

दादा, हा धागा लहान मुलांच्या ऑपरेशननंतरच्या काळजीचा आहे. काढायचे की नाही हे तुम्हाला तपासून डॉक्टरच सांगतील. प्रत्येक वेळचा ताप आणि तारीख वहीत लिहून घेऊन जा, त्यांना ठरवायला सोपं जातं.

चिकोडीची_आशाताई

माझा अनुभव औषधाचा. एका घरी गेले तर मूल तीन दिवस दुखण्याने काही पीत नव्हतं. आई म्हणे, औषध देतेय की. बाटली बघितली. दवाखान्यातून लिहून दिलेलं पॅरासिटामॉल 5 मिलीत 250 मिलिग्रॅमचं होतं. ते संपल्यावर दुकानातून आणलं ते 5 मिलीत 125 चं. चमचा तोच, औषध निम्मं. मूल 18 किलोच्या आसपासचं, म्हणजे किलोला 15 धरले तर एका वेळी 270 मिलिग्रॅम. पहिल्या बाटलीतून 5 मिली जवळपास पुरत होतं, दुसरीतून नाही. उलटं झालं असतं, म्हणजे पातळ औषधाच्या मापाने घट्ट औषध दिलं असतं, तर दुप्पट गेलं असतं. तेव्हापासून मी बाटलीवरचा आकडाच वाचून दाखवते.

आणि औषध दुखल्यावर देऊ नका, सांगितलेल्या वेळेवर द्या, मग अर्ध्या तासाने खायला बसवा. पाण्यासाठी मी तांब्या ठरवून देते. एवढ्या वजनाच्या मुलाला दिवसाला 1400 मिलीच्या आसपास पाणी, पेज, दूध सगळं धरून जायला हवं. आठ तासांत लघवी झाली नाही तर फोन करा, हे मी आईकडून तीनदा म्हणवून घेते.

अथणी_बालवाडी_शिक्षिका

खाण्यात आमच्याकडे चूक झाली ती चुरमुऱ्यांनी. सहाव्या दिवशी भाऊ खात बसला होता, त्याच्यातले आमच्या मुलीने मूठभर घेतले. सुदैवाने नुसतं खरचटलं, रेघभर रक्त आलं. तरी आम्ही नेलं, रात्रभर ठेवून घेतलं. भाकरीचा कडक पापुद्रा, चिवडा, पापड, शेंगदाणे हे दोन आठवडे घरातच दिसू द्यायचं नाही, कारण बाकीचे खातात आणि मूल मागतं. एक विचारायचं होतं, दुधाने घशात चिकटा होतो म्हणून बंद करायला सांगितलं होतं. जांबोटीकर ताईंना तसं सांगितलं नव्हतं का?

जांबोटीकर_आई

नाही. आम्हाला दूध चालेल म्हणाले होते.

रात्रपाळी_सिस्टर

यावर आमच्याच वॉर्डात दोन मतं आहेत. काही मुलं दुधानंतर सारखं खाकरतात, तेव्हा मी थांबवते. नाहीतर देते, पोटात काहीतरी जायला हवं. आयबुप्रोफेनचंही तसंच. पूर्वी रक्तस्रावाच्या भीतीने देत नसत, आता बरेच डॉक्टर देतात, काही अजून नाही म्हणतात. आईने आपल्या मनाने आणू नये. अ‍ॅस्पिरिन मात्र मुलाला नाहीच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही नाही, टॉन्सिलनंतर काही मुलांचा श्वास त्याने मंदावलेला आहे.

लाल रंगाचं काही द्यायचं नाही, हे मी जांबोटीकर ताईंची केस सांगून शिकवेन. कोकम, बीट, लाल सरबत, लाल जेली, काहीच नाही. कोकम तर आंबटही, घशाला झोंबतं.

परिचारिका_तिसरं_वर्ष

सगळ्यांचे आभार. मी मराठीत एक कागद लिहिलाय, सिस्टर इन्चार्जना दाखवणार आहे. त्यात सुरुवातीलाच तारखा घालतेय. सोमवारी ऑपरेशन झालं तर "शनिवारपासून पुढच्या गुरुवारपर्यंत आईने मुलाजवळ झोपायचं, टॉर्च उशाशी, गाडीवाल्याचा नंबर आणि 108 भिंतीवर" असं. मग एकच ठळक ओळ : "झोपेत वारंवार गिळणे, लाल किंवा काळपट उलटी, थुंकीत ताजे रक्त : लगेच दवाखाना, तोंडाने काही देऊ नये." आणि शेवटी आईने हे आपल्या शब्दांत परत सांगायचं, मी फक्त ऐकायचं. काही बदल?

जांबोटीकर_आई

एकच. "वारंवार गिळणे" असं लिहू नका. मला तेव्हा कुणी हे शब्द सांगितले असते तरी लक्षात आलं नसतं. "पोर झोपेत सारखं घोट गिळालंय" असं लिहा, आणि तो आवाज एकदा तोंडाने करून दाखवा.