मदत हवी आहे : बाटलीत भरलेल्या कैरीच्या लोणच्याला वरून बुरशी येते

आमच्या सोसायटीतल्या काही शेजारणी मिळून लोणची, गोडा मसाला आणि मेतकूट ‘घरगुती’ या लेबलाखाली विकतो. मसाल्यांची तक्रार नाही. अडचण कैरीच्या लोणच्याची आहे. पूर्वी दहा किलो फोडींना दीड किलो मीठ घालत असू, परंतु खारटपणाबद्दल ग्राहकांनी वारंवार सांगितल्यामुळे यंदा ते सव्वा किलोवर आणले. फोडी पुसून कोरड्या केल्या होत्या आणि फोडणीचे तेल पूर्ण गार करूनच ओतले होते.

एकाच घाण्यातले लोणचे मोठ्या चिनी मातीच्या बरणीत उत्तम टिकले आहे, मात्र चारशे ग्रॅमच्या बाटल्यांत तीन-चार आठवड्यांनी वरच्या फोडींवर पांढरी, केसाळ बुरशी दिसते. भरताना तेल फोडींच्या वर असते. पुढे मोहरीची डाळ ते शोषून घेते, पातळी खाली जाते आणि फोडी उघड्या पडतात, असा माझा कयास आहे. बुरशी आलेल्या बाटल्या आम्ही पूर्णपणे टाकून देतो, कारण नुसता वरचा थर काढून उरलेले विकणे मला पटत नाही.

लोणचे बरणीत चांगले मुरल्यावरच बाटल्या भरून वर गरम करून गार केलेले तेल घालावे, की मीठ पूर्ववत करावे? सोडियम बेंझोएट घातले तर लेबलावरील ‘परिरक्षकाविना’ हे शब्द काढावे लागतील, म्हणून तो मार्ग शेवटचा. लहान बाटल्या भरून विकणाऱ्यांनी आपले प्रमाण कृपया कळवावे.