मदत हवी आहे: तेलाचा डबा स्वस्त की महिनाभर पिशव्या?

खाडीकाठ (देवगड): घरात आम्ही चौघं, महिन्याला साधारण तीन लिटर सोयाबीन तेल लागतं. बाजारातून लागेल तशी एक लिटरची पिशवी आणते, १४० रुपयांना. दुकानदार म्हणतात, "वहिनी, डबाच घ्या, २२५० ला देतो." २२५० ला १५ ने भागलं तर १५० येतात, म्हणजे डबाच महाग! तरी ते स्वस्त का म्हणतात? गणपतीला मुंबईची मंडळी येणार, त्याआधी ठरवायचं आहे.

सडेवाला: डबा नेहमी स्वस्तच पडतो. घाऊक माल तो घाऊक. डोळे झाकून घ्या.

पोफळी: डोळे झाकू नका, आधी डब्यावरचा छाप वाचा. १५ किलो लिहिलंय की १५ लिटर? तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. १५ किलोच्या डब्यात जवळजवळ साडेसोळा लिटर निघतं, म्हणजे लिटरला १३६-१३७ रुपये. पण डबा १५ लिटरचा असेल तर त्यात १३.६५ किलोच तेल आणि तुमचा १५० चा हिशोब बरोबर.

पिशवीचंही वजन बघा. तशीच दिसणारी ८५० ग्रॅमची पिशवीही मिळते. समजा ती १३२ ला आहे, तर स्वस्त वाटते, पण किलोला १५५ पडते. तुमची १४० वाली ९१० ग्रॅमची असेल तर किलोला १५४. सगळं किलोवर आणा, मगच तुलना करा.

मालवणचो: आमचं घरगुती जेवणाचं आहे, सुरमई तळायलाच किती तेल जातं! डबा आठवड्यात संपतो, पिशव्या परवडतच नाहीत. रिकामा डबाही विकला जातो.

खाडीकाठ: दादा, तुमचा खप वेगळा. पोफळीताई, आत्ताच विचारून आले, डबा १५ किलोचाच आहे. पिशवी ९१० ग्रॅमची. म्हणजे किलोला चारेक रुपये वाचतात, अख्ख्या डब्यामागे साठेक. रिक्षालाच तेवढे जातील.

पोफळी: बरोबर. शिवाय तीन लिटरच्या खपाने डबा साडेपाच महिने पुरेल. आपल्याकडच्या दमट हवेत उघडा डबा तेवढा ठेवू नये. तोंडाशी चिकट थर धरला, तेलाला खवट वास आला की ते गेलं. घेतलाच तर फोडल्या दिवशीच कोरड्या स्टीलच्या बरण्यांत गळ्यापर्यंत भरा, म्हणजे आत हवा कमी राहते. ओला डाव आत नको.

सडेवाला: आमच्याकडे चार महिने टिकतं की! काही होत नाही.

पोफळी: बंद डबा टिकतो, फोडलेल्याचं मी म्हणतेय.

खाडीकाठ: शेजारच्या काकू अर्धा डबा घेतील म्हणतात. गणपतीत तळण भरपूर होईल, उरलेलं दिवाळीच्या फराळाला. दोन घरांत असा डबा वाटून घेणारं कुणी आहे का? मोजून कसं देता, वजनावर की मापाने?