तीन प्रयोगांचा पेपर: मधला फसलेला प्रयोग कुठे मांडायचा?

पारंबी: पेपरात तीन प्रयोग आहेत. पहिल्यात 60 सहभागी. निम्म्यांनी उतारा पुन्हा वाचला, निम्म्यांनी तो आठवून लिहिला, आठवड्याने सगळ्यांची चाचणी घेतली. आठवून लिहिणारे पुढे, p = .01. दुसऱ्यात आठवून लिहिणाऱ्यांना बरोबर उत्तरंही दाखवली; 48 सहभागी, p = .21, म्हणजे फरक सार्थ ठरला नाही. तिसऱ्यात तेच 160 जणांवर केलं, p = .002. गाईड म्हणतात दुसरा परिशिष्टात टाका. शिवाय प्रत्येक प्रयोगाखाली चर्चा लिहू, की सगळी शेवटच्या जनरल डिस्कशनमध्ये?

कंदील: गाईडचं ऐका. वाचकाला सलग धागा हवा असतो. पहिला, मग तिसरा, बास. चर्चा एकदाच, शेवटी. तीन ठिकाणी तेच लिहिलं की रिव्ह्यूअर वैतागतो, हे मी स्वतः भोगलंय.

आडवाट: तेच तेच नको, हे कंदील यांचं अगदी खरं. पण म्हणून छोटी चर्चा काढू नका, तिचं काम वेगळं आहे. पहिल्या प्रयोगाखाली चार वाक्यं पुरतात: काय दिसलं, आणि कोणती शंका उरली. तुमच्याकडे ती अशी असेल: आठवताना झालेल्या चुका तशाच राहिल्या, त्या दुरुस्त केल्या तर फायदा वाढेल का? दुसऱ्या प्रयोगाची पहिली ओळ याच शंकेवर सुरू होऊ दे. त्याच्या मेथडमध्ये "प्रयोग 1 प्रमाणेच, फक्त..." म्हणून तेवढा बदल सांगा. सिद्धान्त, मर्यादा, आधीच्या संशोधनाशी नातं, हे सगळं शेवटी.

दुसरा प्रयोग मात्र लपवू नका. प्रत्येक प्रयोगाची पॉवर, म्हणजे खरा परिणाम असल्यास तो सार्थ दिसण्याची शक्यता, 80 टक्के धरली, तरी तिन्ही यशस्वी होण्याची शक्यता जेमतेम 51 टक्के भरते. म्हणजे तिनांत एखादा फसणं अगदी नेहमीचं आहे. सगळेच यशस्वी दाखवणारा पेपर पाहिला की जाणता वाचक विचारतो, बाकीचे कुठे गेले?

शब्दवेडी: मी मुलाखतींवर काम करते. माझ्या तीन टप्प्यांनाही "प्रयोग" म्हणावं का, हा प्रश्न मला कायम पडतो.

आडवाट: नाही. सहभागी गटांत किंवा अटींच्या क्रमांत यादृच्छिकपणे वाटले असतील तरच प्रयोग. तुमच्यासाठी "अभ्यास 1", "अभ्यास 2" असे मथळे बरोबर.

पारंबी: मग दुसऱ्याच्या चर्चेत असं लिहू का, की उत्तरं दाखवल्यामुळे आठवण्याचा फायदा नाहीसा झाला?

आडवाट: हे वाक्य अजिबात नको! एक निकाल सार्थ आणि दुसरा नाही, एवढ्यावरून दोघांत फरक आहे असं ठरत नाही. तुमचेच आकडे घ्या. दोन समान गट धरले तर पहिल्यात परिणामाचा आकार, म्हणजे d, साधारण 0.69 येतो, दुसऱ्यात 0.37. फरक 0.32, आणि त्या फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे 0.40. म्हणजे फरक त्रुटीपेक्षाही लहान आहे. खरं वाक्य असं: "परिणाम त्याच दिशेचा, पण 48 सहभागींवर तो नेमका मोजता आला नाही, म्हणून प्रयोग 3 मोठा केला." मधला प्रयोग जागेवर राहिला तरच तिसरा का केला ते वाचकाला कळतं. जनरल डिस्कशनच्या सुरुवातीला तिघांचा भारित सरासरी परिणाम द्या. तिसऱ्याचा d 0.50 धरला तर तो 0.52 च्या आसपास येईल. तीन प्रयोगांची कथा परत सांगण्यापेक्षा हा एक आकडा वाचकाच्या जास्त कामाचा.

उंबरठा: इथे मी सहमत नाही. पहिल्या प्रयोगात उत्तरं दाखवलीच नव्हती, मग सरासरी कशाची काढता? आणि पारंबी, दुसरा फसला म्हणूनच तिसरा केला ना? तो यशस्वी झाला नसता तर चौथा केला असता का? तसं असेल तर यश येईपर्यंत थांबायचंच नाही, असा तो क्रम होतो आणि सरासरी फुगते.

पारंबी: चौथ्याचं ठरलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर तिसऱ्याचा 160 हा आकडाही कुठे लिहून ठेवला नव्हता.

आडवाट: उंबरठा यांचा आक्षेप मान्य. सरासरी फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्याची काढा, आणि तिसरा का केला ते त्याच्या पहिल्याच परिच्छेदात सांगा. नोंद आधी नव्हती, तेही लिहा.

कंदील: जागेवर ठेवणं आता मलाही पटतंय. पण दुसऱ्याचं तपशीलवार मेथड मुख्य पेपरात कशाला? शब्दमर्यादा कुठून आणायची?

उंबरठा: मेथड आखडतं घ्या, निकाल नको. आणि माझ्या मते दोघांचीही सरासरी काढू नये. एक निकाल बघून दुसऱ्याचा आकार ठरलाय. आडवाट, त्यावर काय म्हणाल?