मदत हवी आहे: मुलीचा वाटा १० गुंठे की ४० गुंठे?

तिसरं_वर्ष_कोल्हापूर: उद्या सकाळी पेपर आहे, लवकर सांगा. करवीर तालुक्यात ४ एकर वडिलोपार्जित ऊसपट्टा. वडील वारले. मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. सीनियरच्या वहीत मुलीला १/१६, वर्गात सरांनी १/४ सांगितलं. बरोबर कोण?

पन्हाळकर: वडील कधी वारले? तेच लिहिलं नाहीस.

तिसरं_वर्ष_कोल्हापूर: १९९८. मुलगी हयात आहे, तिचं लग्न १९९० मध्ये झालं.

रंकाळा_काठ: मग १/१६ च. हिंदू उत्तराधिकार कायद्याची दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ ला बाप जिवंत पाहिजे. शिवाय लग्न १९९४ च्या आधीचं, म्हणजे महाराष्ट्राच्या दुरुस्तीचाही फायदा नाही.

पन्हाळकर: १९९४ चं बरोबर आहे, पण २००५ च्या दुरुस्तीत लग्नाची अट नाही. बाप जिवंत हवा हा २०१५ च्या फुलवती निकालातला मुद्दा, तो ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात रद्द झाला. हक्क जन्माने येतो, बाप कधी वारला त्यावर तो अवलंबून नाही.

आता हिशोब बघ. सीनियरने १९९८ ला मानीव वाटणी धरली, म्हणजे बाप वारण्याआधी वाटणी झाली असं गृहीत धरलं, आणि त्यात मुलीला बसवलंच नाही. बाप, आई, दोन मुलगे असे चार वाटे झाले, आणि बापाच्या ४० गुंठ्यांचे चार वारस, म्हणून मुलीला १०. आता मुलगीही वाटेकरी, म्हणून पाच वाटे, प्रत्येकी ३२ गुंठे. बापाचे ३२ चौघांत वाटले की ८-८. ३२ अधिक ८ म्हणजे ४०. मानीव वाटणी फक्त बापाचा हिस्सा काढायला असते, तिने कुटुंब तुटत नाही.

शेतकरी_कागल: आमच्या आत्यानं २०१० ला हक्कसोडपत्र रजिस्टर करून दिलं. आता तिची पोरं वाटा मागायलीत. दुरुस्तीनं ते रद्द होतंय का?

रंकाळा_काठ: काका, तो वेगळा विषय, नवा धागा काढा. पन्हाळकर, निकाल बदललाय ते मान्य. पण हा पट्टा बापाला आजोबांकडून आला असेल आणि आजोबा १९५६ नंतर वारले असतील तर? आजोबांची स्वकष्टाची जमीन असेल तर ती बापाची स्वतंत्र होते. मग सहदायिकीचा, म्हणजे जन्माने मिळणाऱ्या वाट्याचा प्रश्नच येत नाही.

पन्हाळकर: मुद्दा रास्त. तसं असलं तरी मृत्युपत्र नसेल तर चौघांना १/४ च. आकडा तोच, कारण वेगळं. पेपरात आधी जमीन कशी आली ते लिही, नाहीतर मार्क जातील.

तिसरं_वर्ष_कोल्हापूर: प्रश्नात शेवटी एक ओळ होती, मी लिहायचं विसरलो: "२००१ मध्ये भावांनी तोंडी वाटणी केली, फेरफार होऊन ७/१२ वेगळे झाले."

पन्हाळकर: अरे, हेच आधी सांगायचं ना! २० डिसेंबर २००४ पूर्वीची वाटणी टिकते, पण ती रजिस्टर दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली हवी. तोंडी वाटणी क्वचितच आणि पक्क्या सरकारी कागदांवरच मानतात. फेरफार महसुलासाठी असतो, त्याने मालकी ठरत नाही.

रंकाळा_काठ: पण तहसीलदारांच्या आदेशाने जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप होऊन फेरफार झाला असेल, तर तो सरकारी कागद नाही का?

तिसरं_वर्ष_कोल्हापूर: प्रश्नात तसं काही लिहिलेलं नाही. दोन्ही शक्यता लिहू का?