नोकरी मागणाऱ्यालाच स्पॅमर ठरवतात, हा कुठला न्याय?

चाकणचा_फिटर
मार्चअखेर नोकरी गेली. चौदा वर्षं प्रेस शॉपमध्ये डाय मेंटेनन्स केलं. सगळे म्हणाले ओळखी वाढव, म्हणून लिंक्डइन या नोकरीवाल्या साइटवर पाच दिवसांत 240 जणांना कनेक्ट पाठवलं. 17 जणांनी घेतलं, बाकीच्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सहाव्या दिवशी साइटने माझं कनेक्ट पाठवणंच बंद केलं. दुर्लक्ष त्यांनी केलं आणि शिक्षा मला?

हिंजवडीची_एचआर
दुसऱ्या बाजूला मी बसते, म्हणून लिहिते. राग आला तर येऊ दे.

सोमवारी सकाळी उघडलं की पन्नासेक रिक्वेस्ट असतात. फोटो, नाव, खाली एक ओळ. चिठ्ठी नाही. तुम्हाला माझ्याकडून काय हवंय हे मी कसं ओळखायचं? मग बहुतेक रिक्वेस्ट मी तशाच पडू देते. Ignore केलं की साइट वर विचारते, या माणसाला ओळखता का? ओळखत नाही असं कोणी दाबलं, तर ते पाठवणाऱ्याच्या खात्यावर चढतं. आणि नुसत्या पडून राहिलेल्या रिक्वेस्टसुद्धा मोजल्या जातात, हे कोणी लक्षातच घेत नाही.

तुमचाच हिशोब करा. 240 मधल्या 17 म्हणजे शंभराला सात. 223 लोंबकळत, आणि तेही पाच दिवसांत. तुमची चौदा वर्षं साइटला दिसत नाहीत. तिला एवढंच दिसतं की हा माणूस धडाधड पाठवतोय आणि समोरचे घेत नाहीत. विकाऊ कोर्सवालाही तिला असाच दिसतो.

उगाच_शहाणा
एवढं पुराण कशाला? आठवड्याला 100 ची मर्यादा आहे, ती ओलांडली, विषय संपला. सगळ्या रिक्वेस्ट मागे घ्या, पैसे भरून प्रीमियम घ्या, परत पाठवा.

हिंजवडीची_एचआर
अर्धं बरोबर. आठवड्याची मर्यादा आहे, पण 100 हा आकडा लोकांच्या अनुभवातला आहे, तो सगळ्यांना सारखा लागू नाही. नुसती मर्यादा संपली तर You've reached the weekly invitation limit असं येतं आणि पुढच्या आठवड्यात गाडी सुरू होते. यांचं तेवढंच नाही. दुर्लक्षित रिक्वेस्टमुळे लागणारा निर्बंध वेगळा, आणि तो शंभराच्या आतही लागू शकतो. आमच्याकडच्या एका इंटर्नला जेमतेम साठांवर लागला होता.

प्रीमियम घेऊन तो सुटत नाही. सपोर्टला लिहून काढूनही मिळत नाही. बहुतेक वेळा आठवडाभरात आपोआप उठतो. आणि सगळ्या मागे घेऊन त्याच लोकांना परत पाठवायच्या म्हणताय, तर मागे घेतलेल्या माणसाला तीन आठवड्यांपर्यंत पुन्हा पाठवता येत नाही. म्हणजे ज्यांची खरी गरज आहे तेच हातचे जायचे.

दुबईतला_सोलापूरकर
माझंही असंच झालं! लॉगिनच होईना, पासपोर्टचा फोटो मागितला. आठ दिवस मी जगात नव्हतोच. खरं म्हणजे एका मित्राने ब्राउझरला एक जोडणी लावून दिली होती, रात्री आपोआप प्रोफाइल बघत फिरायची. पण त्याचा काय संबंध?

हिंजवडीची_एचआर
तोच संबंध. तुमचं अख्खं खातं अडलं होतं, यांचं फक्त कनेक्टचं बटण. आत जाता येतंय, मेसेज जातायत, अर्ज करता येतोय, म्हणजे किरकोळ दुखणं. दारातच ओळखपत्र मागितलं तर मोठं. अशा आपोआप चालणाऱ्या जोडण्या साइटच्या नियमांत बसत नाहीत, आणि तुम्ही ती लावून झोपलात.

दुबईतला_सोलापूरकर
झोपलो नव्हतो, नाइट शिफ्ट होती.

निवृत्त_तात्या
आमच्या वेळी भोसरीत गेटवर उभं राहायचं, वॉचमनला चहा पाजायचा, सुपरवायझर बाहेर आला की अर्ज हातात द्यायचा. कोणी ब्लॉक केलं नाही. आता म्हणे ‘रेफरल’. सरळ वशिला म्हणा की! मी कुणाच्या वशिल्याने लागलो नाही.

टाटानगरची_सून
तात्या, वॉचमनला पाजलेला चहा म्हणजे काय होतं मग?

निवृत्त_तात्या
तो माणुसकीचा चहा होता. तुमच्या पिढीला फरक कळायचा नाही.

टाटानगरची_सून
फरक चांगला कळतो. माझ्या नवऱ्याच्या जागी साहेबांचा भाचा लागला, कारण साहेबांनी ‘रेफर’ केला. आणि इथे एचआर बाई म्हणतात चिठ्ठी लिहा. ज्याचा कोणीच नाही त्याने चिठ्ठी कोणाला लिहायची?

हिंजवडीची_एचआर
भाच्याचं मी समर्थन करणार नाही. पण बरोबर काम केलेल्या माणसाने ‘याचा हात चांगला आहे’ म्हणणं आणि मामाने खुर्ची देणं एकच, असं कसं म्हणता? पहिल्यात सांगणाऱ्याची अब्रू पणाला लागते.

टाटानगरची_सून
मामाचीही लागते म्हणे. दोघांची अब्रू अजून शाबूत आहे, नवरा घरी आहे.

उगाच_शहाणा
धागा कुठे चाललाय? आणि बाई, तुम्ही लोक अर्जाला तरी उत्तर देता का? सात वेळा मुलाखतीनंतर गप्प बसलेत तुमचे एचआर. आम्ही पाठवलं की स्पॅम, तुम्ही गप्प राहिलात की व्यस्त.

हिंजवडीची_एचआर
मुलाखतीनंतर गप्प बसणं वाईटच. ते मीही केलंय, पदच रद्द झालं तेव्हा काय सांगावं कळेना. तेवढं घ्या माझ्याकडून. पण म्हणून 240 अनोळखी लोकांची दारं वाजवणं बरोबर ठरत नाही.

चाकणचा_फिटर
मी मूळ प्रश्नवाला. वशिल्याचं तुमचं चालू द्या, मला आठवडाभर काय करायचं ते सांगा. चिठ्ठीची इच्छा मलाही होती. पण ‘तुम्ही ओळखत असाल’ या यादीत बटण दाबलं की रिक्वेस्ट थेट जाते, ती विचारतच नाही.

हिंजवडीची_एचआर
बरोबर, यादीतून ती तशीच जाते. समोरच्याचं प्रोफाइल उघडून पाठवायची. फुकट खात्याला महिन्याला अशा मोजक्याच चिठ्ठ्या मिळतात, त्या एचआरवर उधळू नका. आमच्याकडे डाय मेंटेनन्सचं काय कळतं? ज्या कंपन्यांत प्रेस शॉप आहे तिथला टूलरूमचा माणूस शोधा. चिठ्ठीत कुठल्या टनेजच्या प्रेसवर काम केलंत ते दोन ओळींत लिहा. तो वाचेल, तोच मला येऊन सांगेल.

आता My Network मध्ये Manage, मग Sent. तिथे पडून असलेल्या दिसतील. तीन आठवड्यांत पुन्हा लागणार नाहीत त्या, म्हणजे बहुतेक एचआरच्या, Withdraw करा. निर्बंध त्याने लगेच उठणार नाही, पण डोक्यावरचा ढीग कमी होईल. आठवडाभर त्या 17 जणांशी बोला. त्यांना एक मेसेज तरी केलात का?

चाकणचा_फिटर
…नाही. 223 जणांनी का घेतलं नाही, यातच होतो.

निवृत्त_तात्या
बघा! गेटवर उभं राहिला असता तर सतरा जणांशी चहा झाला असता.

चाकणचा_फिटर
तात्या, गेटवर आता कंत्राटदाराचा माणूस उभा असतो. त्याला चहा नाही, पैसे लागतात.

(दोन दिवसांनी)
17 पैकी पाच जणांना लिहिलं. एक माझ्याच आयटीआयचा निघाला, रांजणगावला टूलरूम बघतो. शनिवारी फोन करतो म्हणालाय. रिक्वेस्ट अजून बंदच आहेत. आणि बाई, साइट बरोबर आहे असं मी अजूनही म्हणणार नाही.