1952 ची युनिव्हॅकची रात्र: यंत्र बरोबर आणि पंडित चूक?

बारभाई
निकालाच्या दिवशी स्टुडिओत बसणारे विश्लेषक घरी पाठवा, नुसते आकडे दाखवा, असं माझं स्पष्ट मत. 4 नोव्हेंबर 1952 ला, अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या रात्री, सीबीएस वाहिनीच्या स्टुडिओतल्या युनिव्हॅक संगणकाने साडेआठलाच टीव्हीवर सांगून टाकलं होतं की आयझेनहॉवर दणक्यात जिंकणार. चूक एक टक्कासुद्धा नाही. पंडित मात्र 'चुरशीची लढत' म्हणत बसले होते. यापेक्षा पुरावा काय हवा?

त्रैराशिक
तीन गोष्टी चुकल्यात, आणि तिसरी तुमच्या मुद्द्याच्या मुळावरच येते.

एक, युनिव्हॅक स्टुडिओत नव्हता. तो फिलाडेल्फियात होता, तो बनवणाऱ्या रेमिंग्टन रँड कंपनीकडे. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत सीबीएसचा वार्ताहर चार्ल्स कॉलिंगवुड ज्याच्याजवळ बसला होता ते फक्त नियंत्रण-टेबल; दिवे लुकलुकायचे, हिशोब काहीच होत नव्हता.

दोन, साडेआठचा तो अंदाज त्या वेळी प्रेक्षकांना सांगितलाच नाही. सगळ्या जनमत चाचण्या अटीतटीची लढत सांगत होत्या, त्यामुळे मंडळी घाबरली. सूत्र बदललं, पुन्हा चालवलं, आणि आयझेनहॉवरच्या बाजूने 8 विरुद्ध 7 असा अगदी मचूळ अंदाज पुढे आला. मतं येत गेली तसं यंत्र पुन्हा मूळ निकालाकडे सरकलं. शेवटी रेमिंग्टन रँडच्या आर्थर ड्रेपरला रात्री उशिरा कॅमेऱ्यासमोर कबुली द्यावी लागली की यंत्राचं खरं होतं, आमचीच हिंमत झाली नाही.

तीन, 'एक टक्का'. साडेआठचा छापील कागद आजही छायाचित्रांत बघायला मिळतो, तोच वाचा. तेव्हा 33,98,745 मतं मोजून झाली होती, म्हणजे अखेरच्या सुमारे 6 कोटी 15 लाखांच्या साडेपाच टक्के. त्यावरून अंदाज असा: राज्यागणिक मिळणारी आणि अध्यक्ष ठरवणारी निर्वाचक मतं आयझेनहॉवर 438, त्याचा प्रतिस्पर्धी स्टीव्हन्सन 93. प्रत्यक्षात 442 आणि 89. इथपर्यंत वाहवा. पण त्याच कागदावर लोकांच्या मतांचाही अंदाज आहे: आयझेनहॉवर सुमारे 3 कोटी 29 लाख, स्टीव्हन्सन सुमारे 1 कोटी 90 लाख. स्टीव्हन्सनला खरी मिळाली 2 कोटी 73 लाख. म्हणजे एकट्या त्याच्याच बाबतीत 80 लाखांवर चूक! दोघांतल्या मतांत यंत्राने आयझेनहॉवरला 63 टक्के दिले, मिळाले 55. राज्यं सांगितली 43 विरुद्ध 5, झाली 39 विरुद्ध 9.

'एक टक्क्याच्या आत' हे त्या कागदावरचा सोयीचा आकडा उचलून केलेलं विधान आहे.

पाचर
म्हणजे सगळा जाहिरातीचा तमाशाच की. स्टुडिओत खोटं यंत्र, मागे माणसं आकडे फिरवतायत, आणि नंतर 'संगणकाने भाकीत केलं' म्हणून सत्तर वर्षं डंका. मुळात संगणकाने काही केलंच नसणार, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा जो संख्याशास्त्रज्ञ मदतीला होता, त्याने हाताने काढलं असणार.

त्रैराशिक
अर्धं बरोबर. टेबल दिखाऊ होतं आणि रेमिंग्टन रँडला जाहिरात हवीच होती. पण हिशोब खराच यंत्रावर झाला. त्या संख्याशास्त्रज्ञाचं नाव मॅक्स वुडबरी. त्याचं काम सूत्र बसवण्याचं: मागच्या निवडणुकांत रात्रीच्या ह्याच टप्प्यावर कुठल्या राज्यात कुणाला किती मतं होती, आणि शेवटी किती झाली, याच्याशी आजचे आकडे ताडून बघायचे. आकडे तारेने यायचे, ते चुंबकीय फितीवर टंकावे लागायचे, आणि टंकताना चूक होते म्हणून एकच आकडा तीन जण वेगवेगळे टंकायचे. तिन्ही जुळले तरच पुढे. हे हाताने त्या वेळात होणं शक्य नाही.

यंत्राची खूण तर कागदावरच आहे. जिंकण्याची शक्यता छापताना जागा दोनच अंकांची ठेवलेली होती. 100 विरुद्ध 1 आलं, आणि छापलं गेलं '00 विरुद्ध 1'. हाताने लिहिणारा माणूस अशी चूक करत नाही.

दुपारचा_चहा
जरा विषयांतर. आपल्याकडे विधानसभेला सकाळी 8.10 ला चॅनलवर 100 जागांच्या आघाड्या कशा दिसतात हो? एका चॅनलवर 112, दुसऱ्यावर 74, आयोगाच्या संकेतस्थळावर 3. म्हणजे तेही भाकीतच ना?

वाटाड्या
नाही, ते भाकीत नाही, ते 'आघाडी' या शब्दाचं दुकान आहे. 8 वाजता आधी टपाली मतं उघडतात, यंत्रांची मोजणी साडेआठनंतर. त्यामुळे 8.10 ची आघाडी म्हणजे काही शे टपाली मतं, फार तर. चॅनल मतमोजणी केंद्रावरच्या आपापल्या माणसाच्या फोनवरून जागा भरतं, आयोगाचा आकडा केंद्रावरून भरला जाईपर्यंत वेळ जातो. चित्रफलकावर किती फेऱ्यांपैकी कितवी फेरी झाली ते नसेल, तर त्या 112 ला काडीची किंमत नाही. युनिव्हॅकच्या कागदावर निदान 'इतकी मतं मोजली' हे तरी आधी छापलं होतं.

बारभाई
मान्य, स्टुडिओचं चुकलं. पण मूळ मुद्दा तसाच राहतो. यंत्र म्हणालं दणका, पंडित म्हणाले चुरस, निघाला दणका. माणसांनी हात घातला तिथेच घोळ झाला. त्रैराशिक, हे तरी कबूल करा.

त्रैराशिक
कौल बरोबर आला, कबूल. पण का आला ते बघा. राज्य जिंकलं की त्याची सगळी निर्वाचक मतं एकालाच. त्यामुळे 55 टक्के मिळोत की 63, बहुतेक राज्यं आयझेनहॉवरच्याच खिशात, आणि मतांतली आठ टक्क्यांची चूक निर्वाचक मतांत लपून जाते. लढत खरोखर चुरशीची असती तर हीच आठ टक्के अंगाशी आली असती.

दुसरं एक विचित्र आहे. स्टीव्हन्सनला 5 राज्यं आणि 93 मतं? त्याचा बालेकिल्ला दक्षिणेत. टेक्सास 24, नॉर्थ कॅरोलायना 14, व्हर्जिनिया 12, जॉर्जिया 12, टेनेसी 11: दक्षिणेतली सर्वांत मोठी पाच घेतली तरी 73 च होतात. म्हणजे 93 हा पाच राज्यांची बेरीज म्हणून बसवायचा तर उत्तरेतलं एखादं मोठं राज्य आत घ्यावं लागतं. मला वाटतं राज्यांचा आणि मतांचा हिशोब वेगवेगळा झाला असावा, प्रत्येक राज्याची शक्यतेनुसार थोडी थोडी मतं धरून. तसं असेल तर 438 चा नेम निम्मा नशिबाचा.

गणूचा_काका
'नशीब' म्हणणं पटत नाही. शक्यतेनुसार मतं धरून केलेली बेरीज हीच योग्य पद्धत आहे, आजही तेच करतात. काठावरच्या चार राज्यांत प्रत्येकी निम्मी शक्यता धरली तर राज्यांची गणती चुकेल, बेरीज बरोबर येईल. हे पद्धतीचं यश आहे.

त्रैराशिक
पद्धत योग्य, पण तिच्यात घातलेला मतांचा कल आठ टक्क्यांनी फुगलेला होता. फुगलेल्या कलावर बेरीज जवळ आली ती कशाच्या जोरावर, हे एका रात्रीवरून तुम्हाला किंवा मला सिद्ध करता येणार नाही.

पाचर
आणि तो अंदाज दाबला कुणी, सीबीएसने की कंपनीने?

वाटाड्या
ड्रेपरची कबुली कंपनीकडे बोट दाखवते. नंतरच्या आठवणींत काहींनी सीबीएसवर ढकललंय. मी कॅमेऱ्यासमोर, त्याच रात्री बोललेल्यावर जास्त विश्वास ठेवतो.

बारभाई
कंपनीचा माणूस आपलीच चूक सांगून यंत्राची जाहिरात करत होता, हे नाही सुचलं का तुम्हाला?