अंदाजपत्रक 2026: कुठल्या पानावर कुठली तळटीप?

खजिनदार:
नमस्कार मंडळी,
2026 च्या अंदाजपत्रकाचा खर्डा सोबत जोडला आहे. जे जे गृहीत धरलं आहे त्याची यादी शेवटी दिली होती, पण ती दीड पान झाली आणि तिथपर्यंत कुणी पोचत नाही. मागच्या सभेत पान 4 वर, म्हणजे गणेशोत्सवाच्या पानावर, अर्धा तास गेला. यादीतलं काय उचलून त्या त्या पानाखाली ठेवू?

एक सभासद:
ताई, सगळंच ठेवा. पारदर्शकता हवी तर अर्धवट कशाला? अक्षर बारीक केलं की मावेल.

माजी खजिनदार:
सगळं ठेवलं तर वाचणारा काहीच वाचणार नाही. पान 4 च घेऊन बघू. जेवणाचा खर्च 600 ताटं, 14 डॉलरप्रमाणे 8,400. तिकिटं मात्र 520: मोठी माणसं 420, दर 20 आणि मुलं 100, दर 10, मिळून 9,400. वाचणारा पहिल्यांदा विचारणार, उरलेली 80 ताटं कुणाची? पानावरचे दोन आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर कारण त्याच पानावर हवं. ही पहिली टीप.

दुसरी टीप 420 वर. गेल्या वर्षी मोठी माणसं 370 आली होती, मग यंदा 50 जास्त कशी? 2025 मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टला होती, आपला कार्यक्रम लेबर डेच्या सुट्टीत सापडला आणि बरीच कुटुंबं बाहेरगावी होती. 2026 ची चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे, लेबर डे 7 तारखेला होऊन जातो. आकडा गेल्या वर्षापासून दूर गेला की कारण लिहायचंच. शिवाय अंदाज चुकला तर काय होईल तेही लिहा. 370 च आले तर तिकिटांचे 1,000 डॉलर कमी येतील. कॅटररला अंतिम संख्या कळवण्याआधी हे लक्षात आलं तर ताटांचे 700 वाचतात आणि फटका 300 चा बसतो. नंतर लक्षात आलं तर पूर्ण 1,000 चा. म्हणून संख्या कळवण्याची तारीखही त्याच टिपेत हवी.

हॉलचं डिपॉझिट परत मिळतं म्हणून खर्चात धरलेलं नाही, ही तिसरी. एवढ्या तीन पुरेत. मूर्ती, फुलं, छपाई गेल्या वर्षीइतकीच आहेत, त्यांना टीप नको.

सांस्कृतिक समितीतल्या एक ताई:
माझ्या दोन्ही मुली नाचात होत्या आणि तरी मी स्वतःचं तिकीट काढलं. मग ही 80 फुकट ताटं कुणाला मिळतात? दरवर्षी पालकांनीच का भरायचं?

माजी खजिनदार:
ताई, पालकांना सवलत द्यायची की नाही हे कार्यकारिणी ठरवेल. पण तुमच्या प्रश्नावरून माझी पहिली टीप अपुरी आहे हे दिसतं. नुसतं "80 मोफत" लिहून भागणार नाही. "50 स्वयंसेवक, 30 कलाकार, कलाकारांचे पालक यात नाहीत" असं लिहू.

दुसरे सभासद:
पान 3 वर देणग्या कमी दाखवल्या आहेत. मी डिसेंबरमध्ये देणगी देतो, माझी कंपनी तेवढीच रक्कम घालते. कंपनीने मंजूर केली म्हणजे ते 2026 चं उत्पन्नच झालं ना?

खजिनदार:
हिशेबाच्या एका पद्धतीत तसं धरता येतं, काका. पण आपण पैसे खात्यात जमा झाल्यावरच धरतो. तुमच्या कंपनीचा चेक पुढच्या वर्षी येतो, त्यामुळे तो 2027 मध्ये दिसेल. उलट गेल्या डिसेंबरच्या देणग्यांवरची कंपन्यांची रक्कम यंदाच्या पानावर आहे. म्हणजे पान 3 ला ही टीप हवीच.

माजी खजिनदार:
आणि "जानेवारी ते डिसेंबर 2026, रकमा डॉलरमध्ये, पैसे हातात आले किंवा गेले तेव्हाच धरले" ही एक ओळ प्रत्येक पानाखाली छापा. लोक एकाच पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतात. त्या पानाला पहिलं पान जोडलेलं नसतं.

पहिले सभासद:
बरं, बारीक अक्षराचा हट्ट सोडतो. पण मग पान 2 चं काय? आजीव सभासदांची वर्गणी एकदम यंदाच दिसते आणि पान फार श्रीमंत वाटतं. ही रक्कम काही वर्षांत विभागून दाखवायला नको का?

माजी खजिनदार:
प्रत्येक पानाखाली हातात आलेले पैसे म्हणायचं आणि पान 2 वर विभागायचं, हे मला पटत नाही. ती एकदाच येणारी रक्कम आहे आणि पुढच्या वर्षी धरू नये, असं तिथेच लिहिलं की झालं.

पहिले सभासद:
टीप वाचूनही लोक बेरीजच लक्षात ठेवतील. वेगळी ओळ करा, बेरजेच्या खाली.

खजिनदार:
दोन्ही नमुने करून रविवारच्या बैठकीत आणते. पान 3 आणि 4 नव्या टिपांसह आज रात्री पाठवते. पान 2 तोवर आहे तसंच ठेवते, वर "खर्डा" असं लिहून.